मानमोडी १९१८: सगळं घर एकाच वेळी झोपलं तर गावाने काय करायचं?

ओसरीवर | सोमवार, सकाळी ९.१०

ग्रामपंचायतीचा आपत्ती आराखडा नव्याने लिहायला घेतला आहे. पूर, दरड, वीज, आग यांची पानं नीट भरली आहेत. साथीच्या पानावर मात्र जेमतेम तीन ओळी: हात धुवावेत, मास्क लावावा, प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा.

गाव १,८०० वस्तीचं, घरं ४००, त्यांतली ६० घरं दोन किलोमीटरवरच्या वाडीत. आशाताई दोन, उपकेंद्र एक. १९१८ची मानमोडीची, म्हणजे फ्ल्यूची साथ महाराष्ट्रातल्या गावागावांतून गेली आणि तेव्हा औषध काहीच नव्हतं. त्या वेळी माणसं नेमकी कशामुळे दगावली आणि कशामुळे वाचली, हे कळलं तर ते पान कामाचं होईल. मुंबई-पुण्याच्या इस्पितळांचं नको, गावाच्या हातात काय असतं ते हवं आहे.

जुनी_नोंद | सोमवार, सकाळी १०.४५

आधी क्रम सांगतो, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे.

मुंबईत १० जून १९१८ला सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. गोदीवर नेमणूक असलेल्यांपासून सुरुवात, मग गोदी कामगार, टपाल, रेल्वे, गिरण्या. जूनची ही लाट पसरली झपाट्याने, पण मारक कमी होती. महानगरपालिकेचे आरोग्य अधिकारी जे. ए. टर्नर यांनी लिहून ठेवलं आहे की हा रोग चोरपावलांनी आला. जुलैत ती ओसरली आणि सगळ्यांनी निःश्वास टाकला.

सप्टेंबरात दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. तिथून रेल्वेच्या वाटेने ती दख्खनच्या गावांत उतरली. ऑक्टोबर म्हणजे खरिपाची काढणी आणि रब्बीची पेरणी. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग होतं, वैरण नव्हती. त्यातच घरातला कर्ता पुरुष आणि कर्ती बाई दोघंही एकाच आठवड्यात अंथरुणाला खिळली. एरवी फ्ल्यू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना नेतो, या साथीने २० ते ४० वयाच्या माणसांना फार नेलं. म्हणजे पाणी भरणारे, स्वयंपाक करणारे, गुरं सोडणारे हात. हिंदुस्थानात बायका पुरुषांपेक्षा जास्त दगावल्या. घरातल्या आजाऱ्यांचं सगळं त्यांच्या अंगावर होतं आणि पोटाला त्यांनाच सगळ्यांत कमी, असं कारण अभ्यासक देतात.

देशात एकूण किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. एवढी तफावत का? गावात मृत्यूची नोंद ठेवणारा माणूसच आजारी पडला किंवा मेला, म्हणून ऐन भरात नोंदी थांबल्या. तुमच्या पानावर पहिली ओळ हीच घाला: जन्म-मृत्यू नोंदवही ग्रामसेवकाखेरीज आणखी कोण लिहील, त्याचं नाव.

टाकळीकर | सोमवार, सकाळी ११.२०

१९१८चा धडा सरळ आहे. मृत्यू रोगप्रतिकारशक्ती उसळल्यामुळे झाले, म्हणून तरुण मेले. शेवा करून ते थांबलं नसतं. आणि जूनच्या सौम्य लाटेत ज्यांना होऊन गेला ते दुसऱ्या लाटेत वाचले. याचा अर्थ सुरुवातीलाच सगळ्यांना होऊ द्यावा, उगाच लांबवू नये. मास्कचंही तेच. सॅन फ्रान्सिस्कोने कायदा करून मास्क लावायला लावले, तरी साथ व्हायची ती झालीच.

कावड | सोमवार, दुपारी १.०५

टाकळीकर, तुमच्या तिन्ही मुद्द्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणून एकेक घेतो.

प्रतिकारशक्ती उसळून काही तरुण दोन-तीन दिवसांत गेले, हे खरं. पण त्या काळी जपून ठेवलेले फुप्फुसांचे नमुने पुन्हा तपासले गेले आणि २००८मध्ये त्यावर जे लिहिलं गेलं, त्यानुसार बहुसंख्य मृत्यूंत विषाणूच्या मागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया झाला होता. विषाणू श्वासनलिकेचं अस्तर सोलून काढतो आणि एरवी घशात निमूट असलेले जिवाणू खाली उतरतात. याला काही दिवस लागतात. त्या दिवसांत रुग्णाला पाणी मिळालं का, अन्न मिळालं का, तो उठून शेतावर गेला की पडून राहिला, याने फरक पडतो. आज तर प्रतिजैविकंही आहेत. म्हणजे शुश्रूषेला तेव्हा अर्थ होता, आज त्याहून जास्त आहे.

पहिल्या लाटेने काहींना संरक्षण दिलं, हेही खरं. पण मुंबईतच बघा. जूनमध्ये शहरभर साथ फिरली होती, तरी ६ ऑक्टोबरचा तो दिवस आलाच. शिवाय पहिली लाट सौम्य आहे हे ती संपल्यावर कळतं. सुरुवातीला 'होऊ द्या' म्हणणाऱ्याला पुढच्या आठवड्यात काय वाढून ठेवलं आहे ते ठाऊक नसतं.

मास्कबद्दल: कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाचे केलॉग यांनीच नंतर लिहिलं की सक्तीचा अपेक्षित परिणाम दिसला नाही. ते मास्क जाळीदार कापडाचे होते. कापड विरळ असेल तर थेंब आरपार जातात, आणि पदर वाढवले की श्वास घेणं जड होऊन हवा कडेने शिरते. लोक ते रस्त्यावर लावत आणि घरात, कचेरीत काढत, जिथे खरा संसर्ग होता. त्यावरून आजच्या नीट बसणाऱ्या मास्कबद्दल निकाल काढता येत नाही. गावात मास्क लागतील ते मुख्यतः आजाऱ्याच्या खोलीत जाणाऱ्याला.

टाकळीकर | सोमवार, दुपारी १.४०

'शुश्रूषा' लिहायचं होतं, 'शेवा' उमटलं. न्यूमोनियाचं मान्य. पण मुंबईत जूनची लाट नसती तर ऑक्टोबरमध्ये ७६८च्या जागी आणखी किती मेले असते, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

कावड | सोमवार, दुपारी १.५५

नाही येणार. तो मुद्दा तिथेच ठेवू.

बिल्डिंग_७ | सोमवार, दुपारी २.३०

आमच्या सोसायटीत ११२ सदनिका आहेत. लिफ्टमध्ये सॅनिटायझरची मशीन बसवायची का, कोणत्या कंपनीची चांगली?

ओसरीवर | सोमवार, दुपारी २.४५

बिल्डिंग_७, धागा गावाच्या आराखड्याचा आहे. पण तुमच्याकडेही एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी लागेलच, त्यामुळे वाचत राहा.

कावड, एक विचारतो. एकूण आजारी तेवढेच पडणार असतील, तर साथ तीन आठवड्यांत संपली काय आणि दोन महिने चालली काय, गावाला फरक कुठे पडतो? उलट लवकर संपलेली बरी, असं लोक म्हणतात आणि मला उत्तर देता येत नाही.

कावड | सोमवार, रात्री ९.१५

तुमच्याच गावावर हिशेब मांडू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही बदलून बघा.

१,८०० माणसांपैकी एक तृतीयांश, म्हणजे ६०० आजारी पडतात असं धरा. प्रत्येक जण पाच दिवस अंथरुणात. एकूण ३,००० आजारदिवस झाले. साथ २१ दिवसांत उरकली तर रोज सरासरी १४३ माणसं झोपलेली. पण साथ सपाट नसते, तिला टोक असतं. टोकाच्या दिवशी दुप्पट धरली तर सुमारे २८५, म्हणजे गावाचे १६ टक्के. तीच साथ ५६ दिवसांवर पसरली तर सरासरी ५४ आणि टोकाला १०७, म्हणजे ६ टक्के.

इथवर फरक पावणेतीन पटींचा. आता घरात शिरा. एका घरात दोन कर्ती माणसं आहेत. दोघंही एकाच दिवशी झोपलेली असण्याची शक्यता काढायची तर टक्केवारीचा वर्ग करावा लागतो. १६ टक्क्यांचा वर्ग अडीच टक्के, ४०० घरांपैकी १० घरं. ६ टक्क्यांचा वर्ग ०.३६ टक्के, म्हणजे एक किंवा दोन घरं. आजारी तेवढेच, पण ज्या घरात पाणी द्यायला कोणी उभं नाही अशी घरं सातपट कमी झाली. १९१८मध्ये गावं नेमकी इथे मोडली.

साथ हिंदुस्थानात पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकली तेव्हा मुंबई इलाख्यात ती उंच आणि आखूड होती, बंगालकडे जाईपर्यंत बसकी आणि लांब झाली, आणि तिकडे मृत्यूचं प्रमाणही कमी राहिलं. त्याला इतर कारणंही असतील. विषाणू मवाळ झाला असेल, तिकडे पावसाचं मान वेगळं असेल. पण आकार आणि मृत्यू बरोबरीने बदलले एवढं दिसतं.

जुनी_नोंद | सोमवार, रात्री ९.५०

कावड, वर्ग करताना तुम्ही नवऱ्याचा ताप आणि बायकोचा ताप स्वतंत्र धरलात. एका चुलीभोवती राहणाऱ्यांना तो एकमेकांकडूनच होतो. तुमची १० घरं कमी पडतील.

कावड | सोमवार, रात्री १०.०५

बरोबर. १० हा कमीत कमी आकडा समजा, प्रत्यक्षात दोन-तीन पट होऊ शकतो. आणि तो सातपट फरकही तेवढाच राहणार नाही, थोडा आकसेल, कारण घरातल्या घरात लागण लांबवणं अवघड असतं. ज्या घरात कर्तं माणूस एकच आहे तिथे वर्ग नाहीच, सरळ १६ टक्के. गावात अशी ४० घरं असतील तर टोकाच्या दिवशी सहा घरांत कोणीच उभं नाही. आराखड्यातली पहिली यादी या ४० घरांची.

आशाताईंचंही गणित करून टाका. २८५ आजारी, प्रत्येकाकडे दहा मिनिटं, ४७ तास. दोघींत वाटले तरी प्रत्येकीला दिवसाचे जवळजवळ चोवीस. आणि साथ संपेपर्यंत दोघींपैकी निदान एक स्वतः तापाने पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. 'आशा सेविका गृहभेटी देतील' हे वाक्य आराखड्यात लिहिलं की गावाला वाटतं सोय झाली. ती झालेली नसते.

दक्षिण_किनारा | मंगळवार, सकाळी ६.४०

न्यूझीलंडमधून लिहितो आहे, इथे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांचं उदाहरण अजून काढलं जातं. ७ नोव्हेंबर १९१८ला ऑकलंडहून 'तालुने' हे जहाज पश्चिम सामोआत आपियाला लागलं. जहाजावर आजारी लोक होते, तरी उतरू दिलं. थोड्याच आठवड्यांत तिथली सुमारे पाचातली एक व्यक्ती गेली, ८,५००च्या आसपास. जवळच्याच अमेरिकन सामोआत गव्हर्नर पॉयर यांनी जहाजं अडवली आणि तिथे या साथीने एकही मृत्यू झाला नाही. त्यांनी मदत देऊ केली होती, पण पश्चिम सामोआचे प्रशासक लोगन यांनी ती घेतली नाही.

कावड म्हणतात तेच तिथे उघडं दिसलं. अख्खी घरं पडून होती, आणि तापातून उठण्याच्या बेतात असलेली माणसंही अन्नपाण्यावाचून गेली. अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन वस्तीत तर ८० प्रौढांपैकी ७२ नोव्हेंबरच्या एकाच आठवड्यात मेले.

मग गावाने वेस बंद करावी का? हा प्रश्न मनात आहे.

जुनी_नोंद | मंगळवार, सकाळी ८.००

बेटाला समुद्र असतो. १,८०० वस्तीच्या गावाचं दूध रोज बाहेर जातं, पोरं तालुक्याला शिकायला जातात, ऊसतोडीची माणसं येतात. वेस बंद केली की लोक रात्री आडवाटेने येतात आणि आल्याचं सांगत नाहीत, मग आजारीही लपून राहतो. प्लेगच्या वेळी मुंबई-पुण्यात सक्तीची घरझडती झाली तेव्हा नेमकं हेच झालं, लोकांनी आजारी माणसं लपवली. येणाऱ्याला पाच दिवस वेगळी खोली आणि डबा द्यावा, नोंद घ्यावी, पण अडवू नये, असं माझं मत.

दक्षिण_किनारा | मंगळवार, सकाळी ८.२५

मला अजूनही वाटतं की फक्त वाडीपुरतं, दोन-तीन आठवडे, लोकांनी स्वतः ठरवलं तर जमू शकेल. असो.

मुक्काम_उपकेंद्र | मंगळवार, दुपारी ३.३०

परिचारिका आहे, म्हणून शुश्रूषेचं लिहिते. ज्याला नेमाल त्याला काय बघायचं ते आधी शिकवा, नाहीतर तो दारातून 'बरं आहे ना?' विचारून पुढे जातो आणि आतून कोणीतरी 'हो' म्हणतं.

सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या. फेरीत चार गोष्टी. लघवी झाली का, म्हणजे पाणी पोटात जातंय का ते कळतं. आठ तासांत मोठ्या माणसाला झाली नसेल तर पाणी कमी पडतंय. श्वास किती ते पूर्ण ६० सेकंद मोजायचा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, चूक मोठी होते. रुग्णाला मोजतोय असं सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. मोठ्या माणसाचा ३० किंवा जास्त असेल, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४०, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचा ५०, तर त्याच दिवशी डॉक्टर. तिसरं, बोलताना वाक्य एका दमात पुरं होतंय का, ग्लानी आहे का. चौथं, ऑक्सिमीटरचा आकडा ९४च्या खाली आहे का.

ऑक्सिमीटर फसवतो तो असा: बोट गार असेल, मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा खोटा येतो. बोट चोळून गरम करा, क्लिप लावल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा, आकडा स्थिरावला की वाचा. सावळ्या त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा जास्तही दाखवू शकतो. म्हणून ९५ दिसतंय पण धाप आहे, तर धापेवर विश्वास ठेवा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरतो, माणूस चहा मागतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप, छातीत एका बाजूला टोचणं, गढूळ किंवा तांबूस बेडका. कावड यांनी सांगितलेला न्यूमोनिया तो हाच. १९१८मध्ये यावर हातात काही नव्हतं, आज वेळेवर प्रतिजैविक मिळालं तर माणूस वाचतो. त्यामुळे ताप उतरल्यावर फेऱ्या थांबवू नका, आणखी पाच दिवस चालू ठेवा. लोक नेमक्या तेव्हाच थांबवतात.

टाकळीकर | मंगळवार, दुपारी ४.१०

हे उपयोगाचं आहे. मग गोळ्यांचा साठा करून ठेवावा का? तेव्हा अ‍ॅस्पिरिनने माणसं मेली असं वाचलं होतं.

मुक्काम_उपकेंद्र | मंगळवार, दुपारी ४.५०

तेव्हा काही ठिकाणी दिवसाला ८ ग्रॅमपासून ३१ ग्रॅमपर्यंत अ‍ॅस्पिरिन दिलं जात होतं. आज ते विषारी प्रमाण मानतात. त्याने काही मृत्यू वाढले असतील असा तर्क २००९मध्ये मांडला गेला, पण किती, यावर एकमत नाही. हिंदुस्थानातल्या खेड्यांत तर ते पोहोचलंच नसेल. आजचा नियम एवढा की फ्ल्यूच्या तापात लहान मुलांना आणि पोरवयातल्यांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तास. घोटाळा कुठे होतो तर सर्दीच्या तयार गोळीतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही घेतल्या की डोस दुप्पट होतो. दारुड्या माणसाचं यकृत आधीच खराब असतं, त्याला डॉक्टरला विचारूनच.

६०० आजारी धरले तर माणशी दहा गोळ्या, म्हणजे ६,०००. हा साठा पंचायतीच्या कपाटात नको, उन्हाळ्यात पत्र्याखाली खराब होतो आणि मुदत संपल्याचं कोणी बघत नाही. उपकेंद्राच्या साठ्यात वाढवून मागा, म्हणजे रोजच्या वापरात जुन्या आधी जातील. ओआरएसचंही तसंच. एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, २४ तासांत संपवायचं. लोक पेल्यात चिमूट-चिमूट टाकतात, ते करू नका. पाकीट नसेल तर एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

विषाणूवरचं ओसेलटामिविर डॉक्टर देतील. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोग, म्हणून गरोदर बायका, दम्याचे आणि मधुमेहाचे रुग्ण यांच्या घरी पहिल्याच दिवशी कळवणारा माणूस हवा.

ओसरीवर | मंगळवार, रात्री ८.२०

ताई, हे जसंच्या तसं आराखड्यात घेतो. आता माणसं कशी नेमायची? दहा घरांमागे दोन स्वयंसेवक असं योजलं आहे. ४० गट, ८० माणसं. गटातले दोघं त्याच दहा घरांतले.

कावड | मंगळवार, रात्री ९.००

इथे दोन दुरुस्त्या.

एक, ८० हवेत तर १२० नावं लिहा. एक तृतीयांश गाव आजारी पडणार, त्यात स्वयंसेवकही आले. यादीत ज्यांना गेल्या काही दिवसांत ताप येऊन पूर्ण बरं वाटलं आहे त्यांची नावं वर सरकवत जा, त्या लाटेत त्यांना लगेच पुन्हा होण्याची शक्यता कमी. टाकळीकरांचा मुद्दा इथे खरोखर कामी येतो.

दोन, त्याच दहा घरांतले दोघं नकोत. एका गल्लीचा नळ एक, अंगण एक, पोरं एकत्र खेळतात, म्हणून गल्ली एकदम पडते आणि तिचे स्वयंसेवकही तिच्याबरोबर पडतात. जोडी गावाच्या दुसऱ्या टोकाची लावा. वरच्या आळीची घरं खालच्या आळीकडे, खालच्या आळीची वरच्या आळीकडे.

जुनी_नोंद | मंगळवार, रात्री ९.३५

यात एक गोष्ट स्पष्ट लिहावी लागेल, ती गिळून चालणार नाही. मुंबईत १९१८च्या मृत्यूंची समाजवार विभागणी नोंदलेली आहे. युरोपियनांत दर हजारी ८.३, पारशांत ९, आणि ज्यांना त्या काळच्या कागदांत खालच्या जातीचे हिंदू म्हटलं आहे त्यांच्यात ६१.६. शहर तेच आणि साथ तीच, तरी फरक सातपटीहून जास्त. खोल्यांची दाटी, पोटाची आबाळ आणि दाराशी येणारं कोणी नसणं.

वरच्या आळीने खालच्या आळीत पाणी घेऊन जायचं आणि खालच्या आळीने वरच्या आळीच्या स्वयंपाकघरात, हे कागदावर सोपं आहे. साथ आल्यावर ठरवायला गेलात तर होणार नाही. ग्रामसभेत आत्ता जोड्या वाचून दाखवा. जिथे कुरकुर होईल तीच घरं साथीत एकटी पडतील, हे धरून चाला.

ओसरीवर | मंगळवार, रात्री १०.१५

होईल कुरकुर. वाचून दाखवेन.

रेशन_रांग | बुधवार, सकाळी ७.५०

खाण्याचं कोणी बोललं नाही. १९१८ला दुष्काळ आणि साथ जोडीने होते. आज धान्य रेशनवर मिळेल, पण दुकानात अंगठा लावणारा माणूस तापाने झोपला असेल तर? आमच्याकडे साध्या डेंग्यूच्या दिवसांत दोन घरांचं महिन्याचं धान्य राहून गेलं. वृद्ध-अपंगांसाठी दुसऱ्या माणसाला नेमून देण्याची सोय आहे, ती साथीत आजारी घरांना कशी वापरता येईल हे तहसीलच्या पुरवठा शाखेत आत्ताच लेखी विचारून ठेवा. आणि दळण. गहू घरी येऊन उपयोग नाही, गिरणीवाला आजारी पडला की घरात पीठ नाही.

मुक्काम_उपकेंद्र | बुधवार, सकाळी ८.३०

म्हणूनच आजाऱ्याच्या घरी धान्य पोचवण्यापेक्षा पातळ शिजलेलं पोचवलेलं बरं. पेज, मुगाचं कढण, त्यात मीठ. शाळेच्या पोषण आहाराचं स्वयंपाकघर आणि मोठी भांडी गावात आहेतच. शाळा बंद असताना ती चूल पेटवायची परवानगी कोण देईल, ते नाव लिहा. आणि आजाऱ्याला चुलीच्या खोलीत झोपवू नका. थंडी वाजते म्हणून घरचे चुलीपाशी नेतात, धुराने छाती आणखी भरते.

टाकळीकर | बुधवार, सकाळी ९.२०

आता शाळा बंद करण्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो. कधी करायची? सरकारी आदेश येईपर्यंत गाव काय करणार?

कावड | बुधवार, सकाळी ११.००

अमेरिकेतल्या दोन शहरांचं सांगतो. फिलाडेल्फियात नागरिकांतले पहिले रुग्ण १७ सप्टेंबर १९१८ला कळले. २८ सप्टेंबरला युद्धकर्जाची मिरवणूक निघाली, दोन लाख लोक रस्त्यावर आले. शाळा, चर्च, नाट्यगृहं बंद झाली ३ ऑक्टोबरला, म्हणजे १६ दिवसांनी. सेंट लुईसमध्ये पहिले रुग्ण ५ ऑक्टोबरला कळले आणि आरोग्य अधिकारी स्टार्कलॉफ यांनी ७ तारखेलाच बंदी घातली. फिलाडेल्फियाचं टोक सेंट लुईसच्या कित्येक पट उंच गेलं. पण सेंट लुईसने नोव्हेंबरात बंदी सैल केली आणि तिथे दुसरा उंचवटा आला. लवकर बंद करणं आणि उघडताना घाई न करणं, दोन्ही लागतं.

गावाला शाळा बंद करण्याचा अधिकार नाही, पण जत्रा, आठवडी बाजार, लग्नाची पंगत पुढे ढकलायला कोणाचा आदेश लागत नाही. त्यासाठी इशारा गावातच मोजा. शाळेचा हजेरीपट आणि अंगणवाडीची नोंद रोज भरली जाते. नेहमी सोमवारी किती मुलं गैरहजर असतात, मंगळवारी किती, हे आधी दोन-तीन महिने लिहून ठेवा. वार वेगळा धरायचा, कारण बाजाराच्या दिवशी गैरहजेरी तशीही वाढते. सलग दोन दिवस गैरहजेरी त्या-त्या वाराच्या दुप्पट झाली आणि घरी चौकशी केल्यावर बहुतेकांना ताप-खोकला निघाला, तर त्याच संध्याकाळी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन आणि दुसऱ्या दिवशी स्वयंसेवकांची पहिली फेरी. सण, सुगी, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं यामुळे खोटा इशारा मिळेल, म्हणून चौकशीची पायरी गाळू नका. खोट्या इशाऱ्याची किंमत एक संध्याकाळ, चुकलेल्या इशाऱ्याची किंमत ते टोक.

ओसरीवर | बुधवार, रात्री ९.४५

पान लिहून झालं आहे, एका ठिकाणी अडलो. वाडीतली ६० घरं दोन किलोमीटरवर आहेत. कावड म्हणतात त्याप्रमाणे जोडी दुसऱ्या टोकाची लावली तर गावातून दिवसातून दोनदा चालत जावं लागेल, पावसाळ्यात ओढ्याला पाणी असतं. वाडीतलेच नेमले तर वाडी एकदम पडण्याचा धोका.

जुनी_नोंद | बुधवार, रात्री १०.१०

वाडीत रोजची फेरी वाडीतल्यांनीच करावी आणि गावातून दिवसाआड एक माणूस जावा, असं मला वाटतं. वाडीतला निरोप सलग दोन वेळा आला नाही की तो न विचारता निघेल.

कावड | बुधवार, रात्री १०.३०

निरोपासाठी मोबाईलवर विसंबू नका, रेंज असली तरी चार्ज करणारा झोपलेला असेल. वाडीतून सकाळी डेअरीवर दूध येतंच, त्याच कॅनबरोबर चिठ्ठी येऊ दे: किती आजारी, कोणत्या घरात कोणी उठत नाही. कॅन आला नाही, तर तोच निरोप. ओढ्याला पाणी असेल त्या दिवसांचं मात्र मलाही उत्तर नाही. ते वाडीतल्या माणसांना विचारा. एरवी अडलेली बाळंतीण ते पावसात पलीकडे कशी नेतात, त्यांना वाट ठाऊक असेल.

ओसरीवर | बुधवार, रात्री १०.४०

रविवारी जातो वाडीत. नकाशा आणि हजेरीपट बरोबर नेतो.